रापलेला रंग कुणाचा?

[दृश्य: नीसचा समुद्रकिनारा, जुनी छायाचित्रं]

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची नीस, कान, अँतीब ही गावं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ओस पडायची. श्रीमंत इंग्रज आणि रशियन पाहुणे यायचे हिवाळ्यात, थंडी चुकवायला. ऊन तापू लागलं की हॉटेलांना कुलपं. ते ऊन मळ्यातल्या मजुरांचं आणि कोळ्यांचं. खानदानी बाई बाहेर पडायची ती हॅट, हातमोजे आणि छत्री घेऊन. त्याआधीच्या शतकांत तर गोऱ्या दिसण्यासाठी उमराव बायका तोंडाला शिशाचा पांढरा लेप फासत. त्यानं कातडी बिघडायची. मग ती झाकायला आणखी लेप!

[दृश्य: गिरणीची चिमणी, कामगार वस्ती]

पुढे कामाची जागा बदलली. शेतातला माणूस गिरणीत आणि खाणीत गेला, तिथं ऊन नव्हतंच. मजूर पांढराफटक पडला, त्याच्या मुलांना मुडदूस होऊ लागला. नेमकं तेव्हाच डॉक्टर प्रकाशाला औषध म्हणू लागले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं.

आता उन्हात पडून राहायला वेळ आणि पैसा लागत होता. १९२३ च्या उन्हाळ्यात मर्फी नावाच्या अमेरिकन जोडप्यानं अँतीबच्या एका बड्या हॉटेलला दारं उघडी ठेवायला लावली. १९३६ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि जी चैन मूठभरांची होती तिच्यासाठी आगगाड्या भरू लागल्या.

पण मिरवला जाणारा रंग मजुराचा नव्हे. मजूर रापतो तो मानेवर आणि मनगटापर्यंत. सदऱ्याखालचं अंग तसंच राहतं. सुट्टीचा रंग अंगभर सारखा हवा, आणि परत आल्यावर उतरणाराही हवा. जन्मानं सावळ्या माणसाच्या वाट्याला त्याच युरोपात हे कौतुक आलं नाही.

[दृश्य: उसाचा फड]

आपल्याकडे काम सावलीत गेलंच नाही, निदान बहुतेकांचं. आजही दर दहा कामकऱ्यांत चारांहून अधिक शेतीत आहेत. ऊसतोडणीच्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवतात, डोकं बांधून घेतात. पाचटानं हात चिरू नयेत म्हणून आणि उन्हासाठीही. इथं रापणं ही रोजंदारीचीच खूण राहिली, म्हणून १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. २०२० मध्ये तिच्या नावातला गोरेपणा गेला; लग्नाच्या जाहिरातीतली ‘गोरी, सुस्वरूप’ मात्र अजून भेटते.

अर्थात सगळा हिशेब उन्हातान्हातल्या कामानं लागत नाही. पिढ्यानपिढ्या घरातच राहिलेली सावळी मुलगीही स्थळं पाहताना नाकारली जाते. तिथं जात बोलते, आणि गोऱ्या साहेबाच्या दीडशे-दोनशे वर्षांच्या राज्याचा धाकही.