दहा सेकंद आणि दहा मिनिटं

मंडळी, सर्व्हर रूममध्ये आग विझवणारा गॅस सुटतो दहा सेकंदांत, पण तो तिथे निदान दहा मिनिटं टिकावा लागतो. बहुतेक गडबड होते ती या टिकण्यात.

आधी गॅस किती लागेल ते काढू. एचएफसी-२२७इए घ्या, ज्याला सगळे एफएम-२०० म्हणतात. खोली ८ बाय ६, उंची ३ मीटर, म्हणजे १४४ घनमीटर. ८ टक्के प्रमाण धरलं आहे. २० अंश सेल्सिअसला हा गॅस किलोमागे ०.१३७२ घनमीटर जागा घेतो. नुसते ८ टक्के काढले तर ८४ किलो येतात. सूत्र मात्र ९१ किलो सांगतं. यात W म्हणजे गॅसचे किलो, V म्हणजे खोलीचे घनमीटर, S म्हणजे गॅस किलोमागे घेतो ती जागा आणि C म्हणजे टक्के:

```
W = (V / S) × C / (100 − C)
```

वरचे सात किलो कशाला? गॅस आत घुसताना खोलीतली हवा फटींतून बाहेर ढकलली जाते, तिच्यासोबत थोडा गॅसही जातो. त्याची ही भरपाई. उघड्या भोकाची भरपाई यात नाही, हे लक्षात ठेवा. आणि फॉल्स फ्लोअरखालची ४० सेंटिमीटरची पोकळी मोजायची राहिली, तर तेवढाच गॅस १६३ घनमीटरमध्ये पसरून प्रमाण ७.१ टक्क्यांवर येतं.

दहा सेकंदांची घाई का? हा गॅस ज्वाळेत सापडला की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि तो माणसांना आणि सर्किट बोर्डांना दोघांनाही घातक. आग जितकी लवकर विझेल तितका तो कमी. म्हणून दहा सेकंदांत ९५ टक्के गॅस नोझलबाहेर पडायला हवा. आर्गॉन-नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूंना ही भीती नाही, त्यांना एक ते दोन मिनिटं चालतात.

आता टिकण्याचं बघू. ८ टक्के गॅस मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्के जड होते. ती खालच्या फटींतून निसटते, वरच्या फटींतून ताजी हवा येते, आणि गॅसची पातळी टाकीतल्या पाण्यासारखी खाली उतरते. सगळ्यात आधी उघडा पडतो तो रॅकचा माथा.

हे पाहायला गॅस उडवावा लागत नाही. दारात पंखा बसवून खोलीत दाब वाढवतात, मग कमी करतात, आणि तो टिकवायला किती हवा लागते यावरून एकूण गळती किती चौरस सेंटिमीटर ते काढतात. त्यातून रॅकच्या माथ्यापर्यंत गॅस किती वेळ राहील याचा अंदाज मिळतो. दाब असतानाच धुराची पेन्सिल फटीजवळ धरली की धूर कुठे खेचला जातो ते दिसतं.

माझ्या पाहण्यात आलेली एक खोली अशी. चाचणी पास, कागद फाइलमध्ये. नंतर केबलवाल्यांनी जमिनीलगत हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं आणि ते बुजवायचं राहून गेलं. पुन्हा पंखा लावला तेव्हा टिकण्याचा अंदाज दहा मिनिटांच्या बराच खाली आला. सिलिंडरमधला गॅस पूर्ण होता, दाबाचा काटा हिरव्यात होता. आगरोधक सीलंटने भोक बुजवलं, तेव्हा खोली पास झाली.