पिवळ्या रंगाचा देश

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात माझी दहा वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. मी तिला कुठल्याही शिबिरात अडकवलं नाही. सुट्टीत पोरांना जरा कंटाळू द्यावं, या मताचा मी आहे. हल्ली आईबापच कंटाळ्याला घाबरतात. असो.

तर एका दुपारी कंटाळून तिनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून माझ्या वडिलांचा शाळेतला अ‍ॅटलास काढला. सुरुवातीची पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे छापल्याचं सालच गायब.

थोड्या वेळानं हाक आली, "मामा, यांचा रंग चुकलाय!"

पाहतो तर इजिप्त पिवळा आणि सीरियाही पिवळा. मध्ये इस्रायल, जॉर्डन, लेबनॉन निराळ्या रंगांचे. दोन्ही पिवळ्या तुकड्यांवर नाव मात्र एकच, 'संयुक्त अरब प्रजासत्ताक'.

"रंग बरोबर आहे," मी म्हटलं. "तो देशच दोन तुकड्यांचा होता."

फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले. नासर अध्यक्ष, राजधानी कैरो. सगळा कारभार कैरोतून चालू लागला, तसे सीरियाचे लष्करी अधिकारी चिडले. २८ सप्टेंबर १९६१ ला दमास्कसमध्ये उठाव झाला आणि सीरिया बाहेर पडला. साडेतीन वर्षांत संसार आटोपला.

"मग पुस्तक त्या साडेतीन वर्षांतलं!" ती टाळी वाजवून म्हणाली.

पण थांबा. इजिप्तनं एकट्यानं ते नाव १९७१ पर्यंत चालवलं. म्हणून नुसतं नाव पाहून भागत नाही, सीरियाचा रंग पाहायचा. पुन्हा सांगतो, नाव नव्हे, सीरियाचा रंग. आमच्या पानावर तो पिवळाच होता.

मग तिनं भारताचं पान काढलं. गोवा पोर्तुगिजांचा होता, पण गोवा सुटला डिसेंबर १९६१ मध्ये, त्यानं आमचा हिशेब पुढे सरकेना. तेवढ्यात ती ओरडली, "मामा, महाराष्ट्रच नाही!" खरंच, सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत एकच मुंबई राज्य. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. म्हणजे नकाशा फेब्रुवारी १९५८ नंतरचा आणि मे १९६० च्या आधीचा. तिनं उरलेल्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, '१९५८ ते १९६०'.

संध्याकाळी आजोबा फिरून आले. तिनं ऐटीत पान दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "छे गं, हा मी आठवीत घेतला. १९६३ साल. दुकानातून, नवाकोरा."

तिचा चेहरा पडला. मी सांगितलं, तू काढलंस ते नकाशाचं वय, पुस्तकाच्या खरेदीचं नव्हे. जुने नकाशे पुन्हा छापतात, नाहीतर गठ्ठे दुकानात पडून राहतात.

आजोबा मात्र अजून पानाकडेच बघत होते. "तरीच," ते म्हणाले, "दुकानदारानं अर्ध्या किमतीत दिला होता."