मॉडरेटरची ओळख करून देताना

परिसंवादात निवेदकाच्या हातात एक कागद असतो आणि त्यावर पाच नावं. निवेदक पाचही जणांचा परिचय एकाच साच्यात वाचतो: शिक्षण, पदं, पुरस्कार. गडबड इथेच सुरू होते. चार वक्ते मत मांडायला आलेले असतात, पाचवा त्यांना थांबवायला.

वक्त्याच्या ओळखीतून श्रोत्याला कळायला हवं की या विषयावर याचं का ऐकावं. मॉडरेटरच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो: याने मध्येच तोडलं तर आपण का मानावं?

समजा, गोव्यातल्या साखळीच्या रवींद्र भवनात खाणींवर चर्चा आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, त्यानंतर गावांचं काय झालं, हा विषय. ट्रकमालक, शेतकरी, पर्यावरण कार्यकर्ता आणि भूगर्भशास्त्रज्ञ असे चार वक्ते, वेळ सव्वा तास. मॉडरेटर आहेत एक पत्रकार. त्यांचा परिचय इतकाच पुरे:

‘आजची चर्चा चालवणाऱ्या बाईंनी खाणपट्ट्यातल्या गावांतून अनेक वर्षं बातमीदारी केली आहे. खाणी सुरू व्हाव्यात, असं त्यांनी पूर्वी लिहिलंही आहे. आज त्या प्रश्न विचारणार आहेत. प्रत्येक वक्त्याला आधी सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन. शेवटची वीस मिनिटं तुमच्या प्रश्नांची. वक्त्यांची ओळख त्याच करून देतील.’

जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. त्यातलं दुसरं वाक्य आयोजक हमखास गाळतात. पण गोवा लहान. कोणी काय लिहिलं, कोणाच्या घरचे ट्रक चालत होते, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं. आपण बोललो नाही, तर पहिल्याच अडचणीच्या प्रश्नाला मागच्या रांगेतून ‘तुम्ही कोणाच्या बाजूने?’ असं येतं आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. मात्र उल्लेख एका वाक्याचा. सारवासारव केली की संशय वाढतो.

घंटेचे नियम निवेदकानेच सांगावेत. मॉडरेटरने स्वतः सांगितले तर ते त्याची हौस वाटते. यजमानाने सांगितले की तो घरचा नियम ठरतो, आणि आठव्या मिनिटाला ज्येष्ठ वक्त्याला थांबवताना तोच कामी येतो.

‘थोर विचारवंत’, ‘परखड भाष्यकार’ ही विशेषणं इथे नकोतच. असा परिचय झाला की मॉडरेटरलाही भाषण करावंसं वाटतं आणि श्रोतेही त्याच्या मताची वाट पाहत बसतात. वक्त्यांचे परिचयही निवेदकाने वाचू नयेत. ते मॉडरेटरने प्रत्येकाच्या पहिल्या प्रश्नाला जोडून दिले, तर शेतकऱ्याची ओळख त्याच्या शेतात साचलेल्या खाणमातीपासून सुरू होते.

क्रमही पाळा. आधी मॉडरेटरला एकटंच वर बोलवा, घंटा आणि वेळेचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, माईक हातात द्या आणि निवेदकाने खाली येऊन बसावं. वक्त्यांना वर बोलावण्याचं काम मॉडरेटरचं.