थंड न होणारा फ्रीज: परत करायचा हक्क कधी असतो, कधी जातो

(ग्राहक मार्गदर्शन कार्यक्रमातील व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. फ्रीज बिघडला की दुकानदाराकडून पहिलं वाक्य येतं, "आम्ही फक्त विकतो साहेब, कंपनीला फोन करा." आपण फोन करतो, मेकॅनिक येतो, जातो, पुन्हा येतो. या फेऱ्यांमध्ये एक हक्क हातातून निसटतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो हक्क म्हणजे फ्रीज नाकारून पैसे परत मागण्याचा. आज तेवढ्याबद्दलच बोलतो.

आपल्याकडे मालविक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. त्यात कराराच्या अटींचे दोन प्रकार केलेत: शर्त आणि हमी. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल आपल्याच घरात राहतो. कंपनीचं वॉरंटी कार्ड ही आणखी तिसरीच गोष्ट आहे. ते कंपनीने दिलेलं आश्वासन. दुकानदाराची जबाबदारी त्या कार्डावर अवलंबून नसते आणि त्या कार्डाने ती संपतही नाही.

काही शर्ती बिलावर कुठेही लिहिलेल्या नसतात, कायदाच त्या करारात घालतो. त्यांना गर्भित शर्ती म्हणतात. फ्रीजच्या बाबतीत कलम 16 महत्त्वाचं. जो दुकानदार त्या प्रकारच्या मालाचा धंदा करतो, त्याच्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. फ्रीज थंड करत नसेल तर तो विक्रीयोग्य नाही, यावर फार वाद घालायला नको. दुकानदार म्हणेल, "खोका सीलबंद होता, मला काय माहीत?" त्याला माहीत होतं की नव्हतं, हा इथे प्रश्नच नाही. चूक त्याची नसली तरी शर्त मोडली ती मोडलीच.

याच कलमात आणखी एक शर्त आहे, विशिष्ट कामासाठीच्या योग्यतेची. समजा तुम्ही दुकानात सांगितलंत, "आईचं इन्सुलिन ठेवायचंय, तापमान दोन ते आठ अंशांतच राहायला हवं, कुठला घेऊ?" आणि सेल्समनने एक मॉडेल दाखवून "हाच घ्या" म्हटलं. तुम्ही त्याच्या माहितीवर विसंबलात, म्हणून त्या कामाला तो फ्रीज योग्य असण्याची शर्त लागू होते. उलट तुम्ही जाहिरात पाहून, मॉडेल ठरवून गेलात आणि "हाच द्या" म्हणालात, तर ही विशिष्ट कामाची शर्त सुटू शकते. विक्रीयोग्य दर्जाची शर्त मात्र तरीही राहते. ब्रँडचं नाव घेऊन मागितलं म्हणून बंद पडलेला फ्रीज गळ्यात मारता येत नाही.

याला एक मर्यादा आहे. माल तुम्ही तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर ही तक्रार चालत नाही. शोरूममधला डिस्प्ले पीस सवलतीत घेतलात, दारावरचा पोचा समोर दिसत होता, तर तो तुमचा. पण गॅसच्या नळीतली गळती कोणाला दिसणार?

आता एक उदाहरण धरू. नाशिकच्या एका कुटुंबाने 32,000 रुपयांचा फ्रीज घेतला. 4 एप्रिलला तो घरी आला. तीन दिवसांत लक्षात आलं की फ्रीजरमध्ये बर्फ जमत नाही, दूध नासतं. 10 तारखेला मेकॅनिक आला, "गॅस कमी होता" म्हणून भरून गेला. 20 तारखेला पुन्हा तेच, पुन्हा गॅस. 2 मेला तिसऱ्यांदा.

इथे जरा थांबू, कारण सगळी केस या गॅसवर उभी आहे. फ्रीजचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा तो वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. नवा फ्रीज, आठवड्याभरात गॅस भरावा लागतो, दहा दिवसांत पुन्हा भरावा लागतो, याचा अर्थ दोष बहुधा विक्रीच्या वेळीच आत होता. म्हणून मेकॅनिकच्या जॉब शीटवर "गॅस चार्ज केला" हे शब्द तारखेसह आले पाहिजेत. "तपासले, ठीक आहे" एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका. आपलं म्हणणं शेजारी लिहा. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी तारीख दिसेल असा फोटो काढा. ग्लास अशासाठी, की दार उघडल्याबरोबर हवेचं तापमान बदलतं, पाण्याचं लगेच बदलत नाही. व्होल्टेजची तक्रार उलटून येऊ शकते, म्हणून स्टॅबिलायझर असेल तर त्याचाही फोटो ठेवा.

आता मूळ मुद्दा. माल एकदा स्वीकारला की, करार विभागता येत नसेल तर, शर्तभंगालाही हमीभंगच धरावं लागतं, म्हणजे नाकारण्याचा हक्क जातो. फ्रीज एकसंध वस्तू, तिथे हा नियम थेट लागतो. आणि स्वीकारला कधी म्हणायचं? कलम 42 तीन प्रसंग सांगतं: तुम्ही तसं कळवलंत, किंवा मालकासारखं काही केलंत, जसं मेहुण्याला देऊन टाकलात, किंवा वाजवी मुदत उलटूनही नाकारल्याचं कळवलं नाहीत. डिलिव्हरी चलनावरची सही म्हणजे आपोआप स्वीकार नव्हे. आधी पाहिलेला नसेल तर तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत, आणि फ्रीज लावून पाहिल्याशिवाय कसा तपासणार?

वाजवी मुदत किती दिवसांची, हे कायद्यात लिहिलेलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरतं. माझं मत असं की दुरुस्तीच्या फेऱ्यांत गेलेले दिवस ग्राहकाच्या विरुद्ध धरू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओच्या एका प्रकरणात, दुरुस्त करूनही नीट न चालणारा संच सामान्य ग्राहकाला परत करता येतो, असं धरलं. तो निकाल 1971 च्या निकालपत्रिकेत छापलेला आहे. तरी नशिबावर सोडू नका. पहिल्याच तक्रारीत लिहा, "दुरुस्तीची संधी देत आहे, परंतु माल नाकारण्याचा हक्क राखून." नाशिकच्या त्या कुटुंबाने 3 मेला दुकानदाराला, कंपनीला नव्हे, लेखी कळवावं की फ्रीज नाकारतो आहोत, पैसे परत द्या. ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट, दोन्ही करा.

दुकानदार म्हणेल, "आणून द्या, मग बघू." कलम 43 सांगतं की वेगळं ठरलं नसेल, तर नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी ग्राहकावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं. मात्र त्यानंतर फ्रीज बंद ठेवा. पत्र पाठवून पुढे अख्खा उन्हाळा त्यातच भाजी ठेवलीत तर समोरचा वकील तेच दाखवेल.

बिलावरचं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य बघून माघार घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रार स्वतः राहता तिथे करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

आणि फ्रीज चौदाव्या महिन्यात बंद पडला तर? तेव्हा नाकारण्याचा विचार सोडा. दोष मुळातच होता हे दाखवता आलं तर भरपाई किंवा दुरुस्तीचा खर्च मागा.

शेवटी, हप्त्यांवर घेतला असेल तर एक खबरदारी. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे, तो बहुधा स्वतंत्र असतो. फ्रीज नाकारला म्हणून हप्ते थांबवले तर थकबाकी तुमच्या नावावर लागते. हप्ते भरत राहा, आणि भरलेली रक्कम व्याजासह दुकानदाराकडून मागा.