परिच्छेद कुठे भरकटला?

नमस्कार श्रोतेहो. नववीच्या एका मुलीची वही परवा तपासत होते. निबंधाचा विषय होता 'आमचे सोलापूर'. त्यातला एक परिच्छेद तुम्हाला वाचून दाखवते.

'संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. मानकरी पांढरी बाराबंदी घालतात. बाराबंदी सुती कापडाची असते. सोलापूर सुती कापडासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या चादरी लांबलांब जातात. माझे आजोबा मिलमध्ये कामाला होते.'

ऐकताना कुठे अडखळलात? नाही ना? यातलं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं बोट धरून येतं. बाराबंदीवरून कापड आठवलं, कापडावरून चादर, चादरीवरून मिल. म्हणूनच अशी चूक सरळ वाचत गेलं की तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते.

मी काय करते, तर परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि पुढचं एकेक वाक्य एवढंच जोडून वाचते, मधलं सगळं सोडून. 'यात्रा भरते, मिरवणूक निघते', जुळलं. 'यात्रा भरते, मानकरी बाराबंदी घालतात', हेही जुळलं. 'यात्रा भरते, इथल्या चादरी लांबलांब जातात', इथे धागा तुटला. मग मागे येत तपासलं, तर तो चौथ्या वाक्यापाशीच सैल झाला होता. तिथे समासात पेन्सिलीने एक रेघ मारली. 'विषयांतर' असा लाल शेरा मी मारत नाही, त्यातून मुलाला नेमकी जागा कळत नाही.

पण खरी अडचण पहिल्या वाक्यातच आहे. 'यात्रा भरते' ही नुसती वर्दी झाली. तिच्याखाली पाळणे, गर्दी, शेंगाचटणी, काहीही खपून जाईल. मुख्य वाक्यात विषयाबद्दल काहीतरी म्हणणं हवं. मी तिला विचारलं, "यात्रेचं तुला काय सांगायचंय गं?" ती म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीतले दादा कितीतरी दिवस आधीपासून रात्री नंदीध्वजाचा सराव करतात." मी म्हटलं, हेच वर लिही. ते वर आल्याबरोबर मघाशी पास झालेलं बाराबंदीचं वाक्यही गळालं, कारण ते यात्रेचं होतं, सरावाचं नव्हतं.

आता, मुख्य वाक्य पहिलंच असावं असा हट्ट धरू नका. काही मुलं तपशील देत देत ते शेवटी आणतात, तेव्हा जोड्या त्या वाक्याशी लावून बघायच्या. प्रसंग सांगणाऱ्या परिच्छेदात तर ते नसलं तरी चालतं, तिथे घटनांचा क्रम परिच्छेद बांधून ठेवतो. आणि 'तसेच', 'शिवाय' दिसलं की मात्र थांबून वाचा, तुटलेल्या जागी बरेचदा हीच ठिगळं असतात.

राहिलं आजोबांचं वाक्य. मला ते सगळ्यात आवडलं होतं, फक्त त्याला स्वतःचा परिच्छेद हवा होता. दुसऱ्या दिवशी तिने तो लिहून आणला. पहिलं वाक्य होतं, 'मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे माझे आजोबा घरातही मोठ्याने बोलतात.'