प्लॅनमधून खिडकी गेली कुठे? रेव्हिटमधल्या व्ह्यूची गोष्ट

(स्क्रीनवर: तीन मजली रहिवासी बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल, हळूहळू टॉयलेटच्या बाहेरच्या भिंतीवर झूम)

ही भिंत नीट बघा. टॉयलेटची बाहेरची भिंत आहे, वरच्या बाजूला एक छोटा व्हेंटिलेटर आहे, 600 बाय 450 चा, लिंटल 2100 ला म्हणजे सिल आली 1650 ला. थ्रीडीमध्ये एकदम व्यवस्थित दिसतोय, एलिव्हेशनला पण दिसतोय. आता त्याच मजल्याचा फ्लोअर प्लॅन उघडू.

(स्क्रीनवर: फ्लोअर प्लॅन, टॉयलेटची भिंत अखंड)

भिंत सलग. व्हेंटिलेटरचा पत्ताच नाही. आता बरेच जण इथे काय करतात, की डिलीट झाला वाटतं म्हणून प्लॅनमध्येच परत एक व्हेंटिलेटर टाकतात, मग रेव्हिट वॉर्निंग देतं ती कोणी वाचत नाही, आणि शेवटी विंडो शेड्यूलमध्ये एकाच जागी दोन खिडक्या मोजल्या जातात आणि ती चूक थेट क्वांटिटीमध्ये जाऊन बसते. म्हणून पहिला नियम हाच की प्लॅनमध्ये दिसत नाही म्हणजे मॉडेलमध्ये नाही असं धरायचंच नाही. आधी थ्रीडीमध्ये बघायचं. तिथे आहे ना, मग प्रश्न वस्तूचा नाही, प्रश्न त्या व्ह्यूचा आहे.

व्ह्यूमध्ये एखादी वस्तू दिसायची तर तिला बऱ्याच अटी पार कराव्या लागतात, आणि त्यातली एक जरी अडली तरी ती दिसत नाही, बाकीच्या सगळ्या बरोबर असल्या तरी. म्हणूनच VV दाबून Windows वर टिक आहे ना बघितलं, आहे, मग का दिसत नाही, असं डोकं धरून बसायची वेळ येते. टिक ही फक्त एक अट आहे.

(स्क्रीनवर: खालची व्ह्यू कंट्रोल पट्टी, बल्बचं चिन्ह)

शोधायला सुरुवात या बल्बपासून करायची. Reveal Hidden Elements, शॉर्टकट RH. हे दाबलं की व्ह्यूभोवती मॅजेंटा बॉर्डर येते, आणि कोणी मुद्दाम लपवलेल्या वस्तू मॅजेंटा रंगात दिसायला लागतात, बाकीचं सगळं फिकट होतं. व्हेंटिलेटर इथे मॅजेंटा दिसला असता तर काम सोपं होतं, सिलेक्ट करायचा, राइट क्लिक, Unhide in View, आणि तिथे Elements की Category हे बघायचं. कोणीतरी EH दाबून तो एकटाच लपवला असेल तर Elements ने परत येतो. पूर्ण कॅटेगरी बंद असेल तर Category. हा फरक लक्षात ठेवा, पुढे टेंप्लेटच्या वेळी लागणार आहे.

पण आपल्या प्लॅनमध्ये बल्ब लावला तरी तिथे काहीच मॅजेंटा येत नाही. ही पण एक माहितीच आहे. म्हणजे कोणी लपवलेलं नाहीये, व्ह्यूची नजरच तिथपर्यंत पोचत नाही. व्ह्यू रेंजच्या बाहेरची वस्तू बल्ब दाखवत नाही, क्रॉपच्या बाहेरची दाखवत नाही, फेज फिल्टरमुळे गेलेली पण दाखवत नाही.

(स्क्रीनवर: View Range चा डायलॉग)

आता व्ह्यू रेंज. प्रॉपर्टीजमध्ये View Range समोर Edit आहे. मेट्रिक टेंप्लेटमध्ये साधारण असे आकडे असतात: Top 2300, Cut plane 1200, Bottom 0, View Depth 0. फ्लोअर प्लॅन म्हणजे बिल्डिंग 1200 ला आडवी कापली आणि वरून खाली बघितलं. आपला व्हेंटिलेटर सुरूच होतो 1650 ला. कापणारी पातळी त्याच्या साडेचारशे मिलिमीटर खालून जाते, आणि 1200 ला तर तिथे नुसती भिंत आहे, मग भिंतच दिसणार. रेव्हिट चुकत नाहीये, आपण विचारलं तेच ते दाखवतंय.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावरून खूप गोंधळ होतो. विंडो, केसवर्क आणि जेनेरिक मॉडेल या तीन कॅटेगरींना रेव्हिट सूट देतं, कट प्लेनच्या वर असल्या तरी Top च्या आत येत असतील तर त्या वरून बघितल्यासारख्या दाखवायच्या. मग व्हेंटिलेटर 2300 च्या आत असून पण का नाही दिसत? कारण बऱ्याच विंडो फॅमिलींमध्ये फ्रेमची थ्रीडी जॉमेट्री प्लॅनसाठी बंद ठेवलेली असते आणि प्लॅनमधल्या ज्या रेषा काढलेल्या असतात त्या फक्त खिडकी कापली गेली तरच दिसतील अशा सेट केलेल्या असतात. खिडकी कापलीच जात नाही, त्यामुळे दाखवायला काही उरत नाही. एका फॅमिलीचा व्हेंटिलेटर दिसतो आणि दुसऱ्या फॅमिलीचा त्याच उंचीवर दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. त्यामुळे या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

मग उपाय काय? सगळ्यात पटकन सुचणारा उपाय म्हणजे कट प्लेन 1200 वरून 1800 करून टाकायचा. करून बघू.

(स्क्रीनवर: कट प्लेन 1800 केल्यावर प्लॅन, मग जिन्यावर झूम)

व्हेंटिलेटर आला. पण आता जिना बघा. मजल्याची उंची 3000 आहे, 150 चे वीस रायझर, मधलं लँडिंग 1500 ला. आधी 1200 ला कापत होतो तेव्हा ब्रेक लाइन पहिल्या फ्लाइटमध्ये आठव्या रायझरपाशी होती, जिथे ती अपेक्षित असते. आता 1800 ला कापतोय म्हणजे ती लँडिंग ओलांडून दुसऱ्या फ्लाइटमध्ये गेली आणि जिन्याचं ड्रॉइंग पार बदललं. एका व्हेंटिलेटरसाठी पूर्ण मजल्याची कापायची उंची बदलणं म्हणजे एका खोलीत अंधार आहे म्हणून सगळ्या बिल्डिंगची वायरिंग बदलण्यासारखं आहे.

बरोबर पद्धत आहे प्लॅन रीजन. View टॅबमध्ये Plan Views च्या खाली Plan Region. टॉयलेटच्या भिंतीभोवती बंद चौकोन काढायचा, प्रॉपर्टीजमधून त्याचा स्वतःचा व्ह्यू रेंज उघडायचा, कट प्लेन 1800, Top 2300 तसाच, आणि हिरवी टिक. आता त्या चौकोनापुरतंच 1800 ला कापलं जातं, बाहेर सगळीकडे 1200 च. चौकोनात टॉयलेटचा दरवाजा आला तरी चालतो, तो 2100 चा आहे, 1800 ला पण कापला जातोच. दोन प्लॅन रीजन एकमेकांवर चढवता येत नाहीत, कडेला कड लागली तर चालते. आणि रीजनची तुटक रेष शीटवर नको असेल तर VV मध्ये अ‍ॅनोटेशन टॅबवर Plan Region ची टिक काढायची, रेष जाते, कट तसाच राहतो. हे मात्र फक्त त्याच प्लॅनपुरतं असतं, वरच्या मजल्याच्या प्लॅनला त्याचा वेगळा रीजन लागतो.

(स्क्रीनवर: View Range ची Edit ची ओळ फिकट झालेली)

आता समजा तुम्ही कट प्लेन बदलायला गेलात आणि View Range फिकट आहे, क्लिकच होत नाही. म्हणजे या व्ह्यूला व्ह्यू टेंप्लेट लावलेलं आहे आणि हे सेटिंग आता टेंप्लेटच्या ताब्यात आहे. प्रॉपर्टीजमध्ये Identity Data खाली टेंप्लेटचं नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की डावीकडे टेंप्लेटची यादी आणि उजवीकडे सगळी सेटिंग, प्रत्येकापुढे Include चा चौकोन. जिथे Include वर टिक आहे तिथे टेंप्लेट म्हणेल ते. जिथे टिक नाही तिथे प्रत्येक व्ह्यू आपापलं ठरवतो. याच डायलॉगमध्ये हे टेंप्लेट किती व्ह्यूंना लावलंय तो आकडा पण असतो, आणि काहीही बदलायच्या आधी तो आकडा वाचायचा. इथे कट प्लेन 1800 केलात तर एका मजल्याचा जिना नाही, टेंप्लेट लावलेल्या सगळ्या मजल्यांचे जिने बदलतात, आणि त्यातली अर्धी शीट्स कदाचित आधीच पाठवून झालेली असतात.

दोन गोष्टी मात्र टेंप्लेटच्या हातात नाहीत. EH ने लपवलेली एकेकटी वस्तू टेंप्लेट परत आणू शकत नाही, कितीही वेळा परत लावलं तरी, ती बल्बनेच काढावी लागते. आणि प्लॅन रीजन, तो त्या व्ह्यूमधली वस्तू आहे, त्यामुळे व्ह्यू रेंज टेंप्लेटने बंद केलेला असला तरी रीजन टाकता येतो. म्हणून टॉयलेटच्या व्हेंटिलेटरसाठी टेंप्लेटला हात लावायची गरजच नाही.

नुसतं तपासून बघायचं असेल तर व्ह्यू कंट्रोल पट्टीवर Temporary View Properties आहे. ते चालू केलं की व्ह्यूला जांभळी बॉर्डर येते, फिकट झालेलं सगळं उघडतं, हवं ते बदलून बघा, काढलं की टेंप्लेट जसंच्या तसं परत. कुठली अट अडवतेय ते शोधायला यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

(स्क्रीनवर: त्याच बिल्डिंगचा सेक्शन, स्लॅब, बीम, कॉलम दिसतात, विटांच्या भिंती नाहीत)

आता सेक्शन बघू, कारण इथे कारण वेगळं आहे पण शोधायचा रस्ता तोच. स्लॅब आहेत, बीम आहेत, कॉलम आहेत, टॉयलेटच्या 115 च्या पार्टिशन भिंती गायब. थ्रीडीमध्ये आहेत. बल्ब लावला, काही नाही. VV मध्ये Walls वर टिक आहे. फिल्टर टॅब बघितला, भिंतींना लागू होणारा एकही फिल्टर नाही. सेक्शनची रेषा भिंतीमधूनच जातेय, म्हणजे फार क्लिपचा पण प्रश्न नाही, फार क्लिप असता तर मागच्या लांबच्या गोष्टी गेल्या असत्या, कापलेल्या नाही.

मग प्रॉपर्टीजमध्ये Discipline बघा. Structural लिहिलंय. या डिसिप्लिनमध्ये रेव्हिट ज्या भिंतींच्या प्रॉपर्टीत Structural वर टिक नाही त्या सगळ्या दाखवतच नाही, नॉन-बेअरिंग म्हणून. स्ट्रक्चरवाल्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्यांना फ्रेम बघायची असते. पण आर्किटेक्टच्या सेक्शनला ते टेंप्लेट लागलं की विटांचं सगळं काम उडालं. आणि ओळखायची खूण तीच, गेलेल्या फक्त भिंती, आणि त्यातही फक्त पार्टिशनच्या, लिफ्टची आरसीसी भिंत जागेवर आहे.

इथे एक शॉर्टकट फार चालतो आणि तो कृपा करून वापरू नका: भिंत सिलेक्ट करून तिच्या Structural वर टिक मारायची. भिंत दिसते, पण आता 115 ची विटांची पार्टिशन मॉडेलमध्ये लोड घेणारी भिंत म्हणून नोंदली गेली, आणि स्ट्रक्चरवाला तेच मॉडेल लिंक करून वापरणार आहे. दिसण्याचा प्रश्न व्ह्यूमध्येच सोडवायचा, वस्तूच्या माहितीत नाही.

बरोबर उपाय म्हणजे या सेक्शनला आर्किटेक्चरल सेक्शनचं टेंप्लेट लावायचं. तसं टेंप्लेट नसेल तर आहे त्याची डुप्लिकेट करून नाव बदलायचं, त्यात Discipline ला Architectural करायचं आणि हे नवीन टेंप्लेट फक्त आपल्या सेक्शनना द्यायचं. मूळ टेंप्लेटमधलं Discipline बदललं तर स्ट्रक्चरच्या सगळ्या सेक्शनमध्ये विटांच्या भिंती उगवतील आणि मग तिकडून फोन येईल.

(स्क्रीनवर: दुरुस्त सेक्शन, मग टेंप्लेटच्या डायलॉगमध्ये View Range समोरचा Include चौकोन)

राहिला प्रश्न प्लॅनच्या टेंप्लेटमध्ये व्ह्यू रेंज ठेवायचाच का. सारखे मजले असतील, टिपिकल फ्लोअर, तर जरूर ठेवा, सगळीकडे 1200 च राहतो आणि कोणी चुकून बदलत नाही. पण स्टिल्ट पार्किंग, टेरेस आणि स्प्लिट लेव्हल असलेला मजला यांना तेच टेंप्लेट लावायचं असेल तर एक वेगळी कॉपी करा आणि तिच्यात फक्त View Range चं Include काढा. लाइनवेट, कॅटेगरी, फिल्टर सगळं टेंप्लेटमधूनच येईल आणि कापायची उंची त्या त्या प्लॅनची स्वतःची राहील.