शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात

तुमच्या प्रकल्पाचा अहवाल साधारण 80 पानांचा आहे आणि मंचावर पिचसाठी, म्हणजे तो प्रकल्प थोडक्यात मांडायला, मिळणार आहेत 4 मिनिटं. दरवर्षी बहुतेक गट एकच करतात: प्रत्येक प्रकरणाची एक स्लाइड. प्रस्तावना, पूर्वीचं संशोधन, ब्लॉक डायग्राम, सर्किट… निकालाची स्लाइड येते तेव्हा घंटा वाजलेली असते. अहवालाचा क्रम हा आपण काम कसं केलं त्याचा क्रम असतो. समोर बसलेल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, अहवाल मागून उघडा.

एका गटाचं उदाहरण घेऊ. त्यांचा प्रकल्प होता इंडक्शन मोटरचं बेअरिंग खराब होतंय का, हे कंपनांवरून ओळखायचा. अहवालातलं शेवटचं वाक्य होतं, ‘97 टक्के अचूकता’. मी विचारलं, हे 97 कशातले? तीन चांगली आणि तीन खराब अशी 6 बेअरिंग होती. प्रत्येकाची कंपनं नोंदवून त्या नोंदींचे एकेक सेकंदाचे तुकडे केले. मग सगळे तुकडे पिसून काही संगणकातल्या मॉडेलला शिकवायला, काही ते तपासायला. इथेच गोम होती. एकाच बेअरिंगचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले, म्हणजे परीक्षेत आलेला प्रश्न सरावातच सोडवून झाला होता. मॉडेल दोष ओळखत नव्हतं, बेअरिंग ओळखत होतं.

मी त्यांना तपासणी पुन्हा करायला लावली: एक बेअरिंग पूर्ण बाजूला ठेवायचं, उरलेल्या पाचांवर शिकवायचं, आणि हे सहा वेळा. आकडा 84 वर आला. पोरांचे चेहरे पडले. पण चुका कुठे आहेत ते पाहिलं तर जवळपास सगळ्या एकाच चांगल्या बेअरिंगवर होत्या. तेव्हा पिचमधलं वाक्य असं झालं: ‘मॉडेलने आधी न पाहिलेल्या 6 बेअरिंगपैकी 5 बरोबर ओळखली. तिन्ही खराब बेअरिंग सापडली, एका चांगल्या बेअरिंगवर खोटा इशारा आला.’ टक्केवारीपेक्षा हे ऐकायला सोपं आहे, आणि परीक्षकाने कितीही खोदलं तरी टिकतं.

हे वाक्य हातात आलं की समस्या किती मांडायची हे आपोआप ठरतं. त्यांच्या अहवालात उद्योगातल्या देखभालीवर 6 पानं होती. पिचमध्ये त्याची दोन वाक्यं झाली: बेअरिंगचा आवाज कानाला कळतो तोवर बरंच नुकसान झालेलं असतं, आणि आम्हाला ते मोटर न उघडता, त्याआधी कळायला हवं होतं. एवढं पुरे.

प्रोटोटाइपवर मात्र वेळ द्या. अहवालात 14 आलेख होते, आम्ही एक ठेवला. मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला 24. त्यांचं बेअरिंग 6205 जातीचं, आत 9 गोळ्या. बाहेरच्या कड्यावर चरा असेल तर एका फेरीत गोळ्या त्यावरून सुमारे 3.585 वेळा जातात. 24 गुणिले 3.585, म्हणजे 86 हर्ट्झ. आलेखात चांगल्या बेअरिंगला तिथे काही नाही, खराब बेअरिंगला तिथे सुळका. एवढा गुणाकार बोलून दाखवला की यंत्र काय शोधतंय हे सर्किट न दाखवताही कळतं.

प्रत्यक्ष डेमोसाठी मंचावर बेअरिंग बदलत बसू नका, त्यातच वेळ संपतो. त्यांनी दोन सारख्या मोटरी आणल्या, एक चांगली, एक खराब. तालमीत दोन्ही एकाच टेबलावर होत्या, तर खराब मोटरीची कंपनं लाकडातून चांगलीच्या सेन्सरपर्यंत पोहोचली आणि दोन्हीकडे लाल दिवा! मग वेगवेगळी टेबलं घेतली. सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने लावला होता, तो स्क्रूने घट्ट बसवला. मऊ पट्टी जास्त वारंवारतेची कंपनं गिळते. आणि वायफायऐवजी केबल, कारण भरलेल्या सभागृहात शेकडो फोन असतात. सुळक्याची रेकॉर्डिंगही जवळ ठेवली, पण ती दाखवायची वेळ आली तर ‘ही कालची नोंद आहे’ असं स्पष्ट सांगायचं ठरलं.

चौथ्या मिनिटाला मर्यादा सांगायची की नाही यावर त्या गटात भांडण झालं. एकजण म्हणाला, विचारलं तर सांगू. मी म्हटलं, विचारणारच. ‘खराब बेअरिंग आणलीत कुठून?’ हा पहिला प्रश्न असतो. त्यांनी ग्राइंडरने कड्यावर चरा पाडला होता. वापरून झिजलेल्या बेअरिंगमध्ये दोष असा स्वच्छ, एका जागी नसतो. सुरुवातीला तर 86 चा सुळका इतर आवाजात बुडून जातो. म्हणून शेवटची स्लाइड एका ओळीची झाली: ‘चरा आम्ही पाडलेला आहे, झिजलेल्या बेअरिंगवर चाचणी बाकी.’ प्रश्नोत्तरांत पहिला हात वर झाला, आणि प्रश्न होता, झिजलेली बेअरिंग दिली तर चाचणी कधी कराल?